बेरीज जुळते, तरी वाटणी चुकते: दोन गुणोत्तरांची साखळी जोडताना होणारा घोळ

गणित असं आहे. ७८१२ ही रक्कम अ, ब आणि क या तिघांत वाटायची. अ आणि ब यांच्या वाट्यांचं गुणोत्तर ३:४ आहे, ब आणि क यांच्या वाट्यांचं ६:५. प्रत्येकाला किती मिळतील?

वह्या तपासायला बसलं की या जातीच्या गणिताची चार वेगवेगळी उत्तरं समोर येतात, आणि चारही उत्तरं लिहिणाऱ्यांना आपलंच बरोबर असल्याची खात्री असते.

```
३ :  ४ : ५     १९५३   २६०४   ३२५५
३ :  ६ : ५     १६७४   ३३४८   २७९०
३ : १० : ५     १३०२   ४३४०   २१७०
९ : १२ : १०    २२६८   ३०२४   २५२०
```

चारही ओळींची बेरीज करून बघा. प्रत्येक ओळीत बरोबर ७८१२ येतात. कुठेही अपूर्णांक उरलेला नाही, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. ७८१२ हा आकडा मी मुद्दामच असा निवडला आहे की त्याला १२, १४, १८ आणि ३१ या चारही संख्यांनी पूर्ण भाग जावा. परीक्षेत अशी रक्कम येईलच असं नाही, पण आली तर भल्याभल्यांची विकेट पडते.

एकदा एका मुलाच्या वहीत पहिल्या ओळीतलं उत्तर होतं. मी त्यावर फुली मारली, तसा तो वही घेऊन परत आला.

“सर, ताळा केलाय मी. १९५३ अधिक २६०४ अधिक ३२५५. जुळतंय ना?”

“जुळतंय. पण ब ला जास्त मिळायला हवेत की क ला?”

त्याने प्रश्न पुन्हा वाचला. ब:क = ६:५. म्हणजे ब ला क पेक्षा जास्त. त्याच्या वहीत मात्र ब ला २६०४ आणि क ला ३२५५. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “पण मग बेरीज कशी जुळली?”

हा प्रश्न त्याने विचारला हे बरं झालं, कारण या दुखण्याचं मूळ तिथेच आहे.

बेरजेचा ताळा इथे काहीच सांगत नाही

कोणतंही गुणोत्तर घ्या. १:१:१ घ्या, ७:२:९ घ्या, डोळे मिटून तीन आकडे लिहा. तिघांची बेरीज करायची, रकमेला तिने भागायचं आणि आलेल्या एका भागाला प्रत्येकाच्या आकड्याने गुणायचं. वाटे एकत्र केले की मूळ रक्कम परत येणारच, कारण जितक्या भागांत ती तोडली तितकेच भाग आपण पुन्हा गोळा केले. बेरीज जुळण्याचा अर्थ एवढाच की भागाकार आणि गुणाकार करताना हात चुकला नाही. गुणोत्तर बरोबर होतं की नाही, याबद्दल ती बेरीज एक अक्षरही बोलत नाही.

म्हणून ताळा जोडीचा करायचा. उत्तरातले पहिले दोन वाटे घ्या, त्यांना संक्षिप्त रूप द्या, आणि प्रश्नात दिलेलं गुणोत्तर मिळतं का ते पाहा. मग दुसरे दोन घ्या. चौथ्या ओळीवर करून बघू. २२६८ आणि ३०२४ या दोघांना ७५६ ने भागलं की ३ आणि ४ मिळतात. ३०२४ आणि २५२० यांना ५०४ ने भागलं की ६ आणि ५. दोन्ही जोड्या जुळल्या, म्हणजे उत्तर बरोबर. या गणिताला याहून वेगळा ताळा लागत नाही, आणि याहून कमी ताळा पुरत नाही.

मोठा मसावि शोधायचा कंटाळा येत असेल तर उभा-आडवा गुणाकार करा. पहिल्या जोडीसाठी २२६८ × ४ आणि ३०२४ × ३ सारखे आले पाहिजेत. दोन्ही ९०७२ येतात. मला स्वतःला हेच सोयीचं वाटतं, कारण यात शोधायचं काही नसतं, नुसतं गुणायचं असतं.

मग चूक नेमकी कुठे होते

३:४ आणि ६:५ हे एकाखाली एक लिहिले की ब च्या नावाखाली दोन आकडे येतात, ४ आणि ६. एकाच माणसाचे दोन आकडे पाहून मन बिचकतं आणि त्यातला एक उडवायला बघतं. कुणी ६ उडवतो, त्याला ३:४:५ मिळतं. कुणी ४ उडवतो, त्याला ३:६:५ मिळतं. ज्याला कुणावरच अन्याय करायचा नसतो तो दोघांची बेरीज करून ३:१०:५ लिहितो. बेरीज करणाऱ्याचा युक्तिवादही ऐकण्यासारखा असतो: ब दोन्हीकडे आहे, तेव्हा त्याला दोन्हीकडचं मिळणार. पण प्रश्नात ब ला दोनदा वाटा मिळतच नाही. त्याचा वाटा एकच आहे, तो फक्त दोन वेळा मोजला आहे.

आणि दोन वेळा मोजताना दोन वेगळी मापं वापरली आहेत. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुन्हा घोळ होत नाही, म्हणून कागदाची एक पट्टी घ्या. लांबी बरोबर १२ सेंटिमीटर. ही पट्टी म्हणजे ब चा वाटा.

अ:ब = ३:४ म्हणजे ब ची पट्टी ४ सारख्या तुकड्यांत विभागायची. प्रत्येक तुकडा ३ सेंटिमीटरचा झाला. अ ला असे ३ तुकडे, म्हणजे अ ची पट्टी ९ सेंटिमीटर.

आता तीच पट्टी उलटी करा आणि मागच्या बाजूने ६ सारखे तुकडे आखा, कारण ब:क = ६:५. इथे तुकडा २ सेंटिमीटरचा निघाला. क ला असे ५ तुकडे, म्हणजे १० सेंटिमीटर.

तिन्ही पट्ट्या शेजारी ठेवा: ९, १२, १०. हीच साखळी.

गंमत अशी की पहिल्या गुणोत्तरातला ३ आणि दुसऱ्यातला ५ हे दोन आकडे शेजारी लिहिण्याच्या लायकीचेच नव्हते. पहिला ‘भाग’ ३ सेंटिमीटरचा होता, दुसरा २ सेंटिमीटरचा. ३:४:५ लिहिणारा माणूस तीन मोठे तुकडे आणि पाच लहान तुकडे एकाच मापाचे समजून बसतो, आणि म्हणूनच क ला त्याच्या हक्कापेक्षा कितीतरी जास्त देऊन टाकतो.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) तिघांच्या भागीदारीचं एक गणित आहे. तिघांची भांडवलं ५१, ६८ आणि ८५. मिळून ३०० झाले. तर कुणाचे किती? उत्तर ७५, १०० आणि १२५. आता ५१:६८:८५ ला १७ ने भागून बघा, ३:४:५ मिळतं. म्हणजे आपल्या मुलाच्या वहीत जे चूक होतं तेच इथे बरोबर आहे. फरक एवढाच की तिथे तिन्ही भांडवलं पहिल्यापासून एकाच नाण्यात मोजलेली आहेत, त्यामुळे ती बिनधास्त शेजारी लिहिता येतात. जोडीजोडीने दिलेल्या गुणोत्तरांना ती सवलत नाही. आधी माप एक करावं लागतं.

दुरुस्ती: ब ला एकच आकडा द्या

वहीत मांडणी अशी करा, रकान्यांसकट:

```
        अ      ब      क
        ३  :   ४
               ६  :   ५
-------------------------
× ३     ९  :  १२
× २           १२  :  १०
-------------------------
        ९  :  १२  :  १०
```

रकाने आखण्यावर मी जरा अडून बसतो. दोन्ही गुणोत्तरं एकाच ओळीत ‘३:४, ६:५’ अशी लिहिली की कोणता आकडा कुणाचा हे डोक्यात ठेवावं लागतं, आणि तिथूनच गडबड सुरू होते. ब च्या रकान्यात ४ खाली ६ दिसले की काम आपोआप ठरतं: हे दोन आकडे सारखे करायचे.

४ आणि ६ यांचा लसावि १२. चार चे बारा करायला ३ ने गुणायचं, म्हणून पहिल्या गुणोत्तराची दोन्ही पदं ३ ने गुणली. सहा चे बारा करायला २ ने, म्हणून दुसऱ्याची दोन्ही पदं २ ने. गुणोत्तराची दोन्ही पदं एकाच संख्येने गुणली तर त्याची किंमत बदलत नाही, या एका गोष्टीवर सगळी कसरत उभी आहे. ‘दोन्ही पदं’ हे शब्द मात्र सोडायचे नाहीत. ब चे १२ केले आणि अ व क ना हातच लावला नाही, तर ३:१२:५ असं काहीतरी भलतंच तयार होतं. ही चूक लसावि नीट काढणाऱ्या मुलांकडूनच होते. लसावि आला की त्यांना वाटतं काम संपलं.

आता भाग मोजा. ९ + १२ + १० = ३१. एक भाग ७८१२ ÷ ३१ = २५२. मग अ ला ९ × २५२ = २२६८, ब ला १२ × २५२ = ३०२४, क ला १० × २५२ = २५२०.

लसावि काढायचा नसेल तरी चालतं. पहिल्या ओळीला खालच्या ब ने गुणा आणि दुसऱ्या ओळीला वरच्या ब ने. म्हणजे ३ × ६, ४ × ६, ४ × ५, अर्थात १८:२४:२०. भाग ६२ झाले, एक भाग १२६ चा, आणि अ ला १८ × १२६ = २२६८. उत्तर तेच. पट्टीच्या भाषेत बोलायचं तर आपण १२ ऐवजी २४ सेंटिमीटरची पट्टी घेतली, इतकंच. लसावि घेतला की आकडे लहान राहतात. त्याच्यावाचून गणित चुकत नाही. काही जण लसावि न घेतल्याबद्दल गुण कापतात, ते मला पटत नाही.

ज्यांना अपूर्णांकांची भीती नाही त्यांच्यासाठी तिसरी वाट आहे, आणि खरं म्हणजे तीच सगळ्यात सरळ आहे. ब ला १ माना. अ मग ३/४ आणि क ५/६. तिघांचं ३/४ : १ : ५/६ झालं. सगळ्यांना १२ ने गुणलं की ९:१२:१०. चाराचा आणि सहाचा छेद एकत्र करताना लसावि का आला, हे इथे न सांगता दिसतं.

चुकलेल्या उत्तरावरून चूक ओळखायची

उत्तर चुकलं आहे एवढं कळून भागत नाही, कुठे चुकलं तेही कळायला हवं. जोडीचा ताळा ते सांगतो.

पहिली जोडी जुळते आणि दुसरी बिघडते, असं असेल तर खालचा ब उडवला गेला आहे. पहिल्या ओळीचं उत्तर बघा: १९५३:२६०४ = ३:४ बरोबर, पण २६०४:३२५५ = ४:५. हे लक्षण ९:१२:५ लिहिणाऱ्याचंही असतं, ज्याने क ला गुणायचं राहून गेलं. पहिली बिघडते आणि दुसरी जुळते, तर वरचा ब उडाला: १६७४:३३४८ = १:२, हवं होतं ३:४. दोन्ही जोड्या बिघडल्या असतील तर बेरीज केली गेली असण्याची शक्यता मोठी, किंवा मघाशी म्हटलं तसं फक्त ब च बदलला गेला आहे.

आता सगळ्यात लबाड प्रकार. ताळा करतो, दोन्ही जोड्या जुळतात, तरी उत्तर चूक. हे कसं शक्य आहे?

समजा प्रश्नात दुसरं वाक्य असं होतं: ‘क आणि ब यांच्या वाट्यांचं गुणोत्तर ५:६’. अर्थ तोच आहे, ब:क = ६:५. पण घाईत नाव न बघता कुणी रकान्यात ब खाली ५ आणि क खाली ६ लिहिलं. साखळी १५:२०:२४ अशी तयार झाली. आता तो स्वतःच्या वहीतल्या मांडणीशी ताळा करतो: २०:२४ म्हणजे ५:६. जुळलं! जुळणारच, कारण त्याने चुकीच्या मांडणीशीच चुकीचं उत्तर ताडून पाहिलं. म्हणून जोडीचा ताळा नेहमी छापील प्रश्नातल्या शब्दांशी करायचा, आपण वर लिहिलेल्या आकड्यांशी नाही. आकडे लिहिण्याआधी ‘कोणाला जास्त?’ एवढं विचारून रकान्याच्या डोक्यावर एक खूण केली तरी ही चूक दहातल्या नऊ वेळा तिथेच पकडली जाते. (नऊ हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कुणी मोजलेला नाही.)

याच घराण्यातलं आणखी एक वाक्य: ‘अ च्या वाट्याची दुप्पट ही ब च्या वाट्याच्या तिपटीइतकी आहे.’ वाचता वाचता हात २:३ लिहून मोकळा होतो. थांबा. अ ची फक्त दुप्पट केली आणि ती ब च्या तिपटीला भिडली, म्हणजे अ मोठा आहे. अ ३ आणि ब २ घेतले तर दोन्हीकडे ६ येतात. गुणोत्तर ३:२. पटीचे आकडे आणि वाट्यांचे आकडे एकमेकांच्या उलटे चालतात. ज्याला दोनदाच घेऊन भागतं तो तीनदा घ्याव्या लागणाऱ्यापेक्षा मोठा असणारच.

सामाईक माणूस मधला नसतो तेव्हा

पाठ केलेली रीत इथे दगा देते. अ:ब = २:३ आणि अ:क = ४:५. रक्कम ३०००. ज्यांनी ‘वरचा गुणिले खालचा’ एवढंच पाठ केलं आहे ते २ × ४, ३ × ४, ३ × ५ करून ८:१२:१५ लिहितात. सूत्र अगदी बिनचूक चालवलेलं असतं, फक्त त्या सूत्राला दोन्हीकडे ब लागतो आणि इथे दोन्हीकडे अ आहे. त्यांनी ब च्या ३ ला आणि अ च्या ४ ला एकाच माणसाचे आकडे समजून बांधून टाकलं.

रकाने आखले असते तर हे झालंच नसतं:

```
        अ      ब      क
        २  :   ३
        ४  :          ५
```

दोन आकडे अ च्या रकान्यात आहेत, तेव्हा सारखं करायचं ते अ ला. २ चे ४ करायला वरची ओळ २ ने गुणली: ४:६. खालची ओळ आहे तशीच. साखळी ४:६:५, भाग १५, एक भाग २००. अ ला ८००, ब ला १२००, क ला १०००. ताळा: ८००:१२०० = २:३, आणि ८००:१००० = ४:५.

कुणाला सामाईक माणूस मधेच हवा असेल तर पहिलं गुणोत्तर उलटं लिहून ब:अ = ३:२ करा आणि ब, अ, क या क्रमाने चला. चालतं. फक्त शेवटी नावं परत आपल्या जागी बसवायला विसरू नका. तिथे वाटे बरोबर काढून अ चे ब ला देणारेही मी पाहिले आहेत.

रकमेला पूर्ण भाग जात नाही तेव्हा

खऱ्या वाटणीत रक्कम आपली सोय बघत नाही. ७८१२ ऐवजी ७८०० असते तर एक भाग ७८०० ÷ ३१ = २५१.६१२९… असा लांबत जातो. इथे बरेच जण २५१.६१ वर थांबतात आणि मग गुणतात. अ ला २२६४.४९, ब ला ३०१९.३२, क ला २५१६.१०. बेरीज ७७९९.९१. नऊ शतांश कुठे गेले? एका भागात जी बारीकशी तूट झाली तिला आपण ९, १२ आणि १० ने गुणून फुगवलं. मघाशी ज्या बेरजेवर विश्वास ठेवू नका म्हटलं ती इथे मात्र कामाला येते, कारण ही चूक आकडेमोडीची आहे.

उपाय सोपा आहे: आधी गुणा, मग भागा. ७८०० × ९ ÷ ३१ = २२६४.५२, ७८०० × १२ ÷ ३१ = ३०१९.३५, ७८०० × १० ÷ ३१ = २५१६.१३. बेरीज ७८००.००. ‘लीलावती’तली रीतही याच क्रमाने जाते: प्रत्येकाच्या भांडवलाला एकूण मिळकतीने गुणायचं आणि भांडवलांच्या बेरजेने भागायचं. एवढं करूनही कधी कधी शेवटच्या स्थानी एखादा शतांश कमी-जास्त राहतो. तो कुणाच्या पदरात घालायचा हे वाटण्याआधी ठरवून ठेवलेलं बरं.

दोन नाही, तीन गुणोत्तरं दिली तर

तिघांना बांधायला दोन जोड्या पुरतात. दोन दिल्या की तिसरी आपोआप ठरते: ९:१२:१० मध्ये अ:क = ९:१०, त्यात आता कुणाला मत नाही. म्हणून प्रश्नात तिसरी जोडीही दिली असेल तर ती नवी माहिती नसते, ती एक तर पहिल्या दोघींशी जुळते किंवा भांडते. जुळते का ते बघायला अ/ब, ब/क आणि क/अ या तिन्ही अपूर्णांकांचा गुणाकार करा. १ आला तर वर्तुळ बंद झालं. ३/४ × ६/५ × १०/९ = १८०/१८०, झालं.

आता समजा कुणी सांगितलं की अ:ब = ३:४, ब:क = ६:५ आणि अ:क = ३:५. गुणाकार ३/४ × ६/५ × ५/३ = ९०/६०, म्हणजे दीड. वर्तुळ बंद होत नाही, आणि तिन्ही अटी एकदम पाळणारी वाटणी अस्तित्वातच नाही. दोन जण एकमेकांशी, दुसरे दोन एकमेकांशी आणि उरलेले दोन परस्पर बोलून मोकळे झाले की असं होतं.

अशा वेळी एक अट सोडावी लागते. ७८१२ घेऊन प्रत्येक पर्याय करून बघा. तिसरी अट सोडली तर आपलं ओळखीचं ९:१२:१०. मधली सोडली तर अ:ब = ३:४ आणि अ:क = ३:५, अ दोन्हीकडे ३, म्हणजे ३:४:५ आणि वाटे १९५३, २६०४, ३२५५. पहिली सोडली तर ब:क = ६:५ आणि अ:क = ३:५, क दोन्हीकडे ५, म्हणजे ३:६:५ आणि वाटे १६७४, ३३४८, २७९०.

सुरुवातीच्या यादीतल्या पहिल्या दोन ओळी परत आल्या. वही घेऊन आलेल्या त्या मुलाने, तर मग, एक वेगळंच गणित बरोबर सोडवलं होतं, ज्यात ब आणि क यांचं आपसात काही ठरलेलंच नव्हतं.